ॲम्ब्युलन्सचा खर्च आरोग्य विम्यातून कसा मिळवायचा: मर्यादा किती, पावती कशी हवी, फॉर्म कुठे भरायचा

दवाखान्याचं मोठं बिल कॅशलेसमध्ये निघून जातं आणि ॲम्ब्युलन्सला दिलेले पैसे मात्र खिशातून गेले ते गेलेच, असं बहुतेक घरांत होतं. रक्कम बुडीत धरली जाते, कारण त्या गडबडीत पावती कुणी मागत नाही. मागितली तरी गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे यांपैकी काहीतरी राहून जातं. माझ्या आत्याच्या वेळी ही सगळी प्रक्रिया मी पार पाडली, नंतर शेजारपाजारच्या काही जणांचे कागदही लावून दिले. नव्याने क्लेम करणाऱ्याला नेमकं काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितो.

उदाहरणासाठी 'आरोग्य संजीवनी' ही पॉलिसी घेतो. विमा नियामकाने तिचा मसुदा ठरवून दिला आणि १ एप्रिल २०२० पासून ती बाजारात आली. कंपनी कुठलीही असली तरी तिची मूळ कलमं सारखीच असतात, म्हणून इथलं गणित कुणालाही स्वतःच्या कागदांशी ताडून बघता येईल. तुमची पॉलिसी दुसरी असेल तर मर्यादेचा आकडा बदलेल, पावतीचे नियम जवळपास तेच राहतील.

१. आधी पॉलिसीत मर्यादा शोधा

आरोग्य संजीवनीत रस्त्याने जाणाऱ्या ॲम्ब्युलन्ससाठी दर हॉस्पिटलायझेशनला जास्तीत जास्त २,००० रुपये मिळतात. यात 'दर हॉस्पिटलायझेशनला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच भरतीसाठी दोनदा गाडी करावी लागली तरी दोन्ही फेऱ्या मिळून २,००० रुपयेच. पण त्याच वर्षी चार महिन्यांनी पुन्हा भरती व्हावं लागलं, तर मर्यादा पुन्हा नव्याने लागू होते.

इतर पॉलिसींमध्ये ही मर्यादा वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली असते. कुठे दर भरतीला ठरावीक रक्कम, कुठे वर्षभरासाठी एकच रक्कम, कुठे विमा रकमेच्या काही टक्के, तर कुठे प्रत्यक्ष झालेला खर्च. पहिल्या पानावरच्या तक्त्यात नुसता आकडा दिसतो. अट मात्र आतल्या 'रोड ॲम्ब्युलन्स' किंवा 'इमर्जन्सी ॲम्ब्युलन्स' या कलमात असते. ते कलम वाचताना तीन गोष्टी बघा: आकडा दर भरतीचा की वर्षाचा, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवण्याचा खर्च धरलाय का, आणि डिस्चार्जनंतर घरी सोडण्याचा खर्च धरलाय का. शेवटचा बहुतेक ठिकाणी धरलेला नसतो.

सगळ्यात मोठी अट वेगळीच आहे. ॲम्ब्युलन्सचे पैसे स्वतंत्रपणे मिळत नाहीत, ते भरतीच्या क्लेमला जोडलेले असतात. रुग्णाला गाडीतून कॅज्युअल्टीत नेलं, डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन दिलं आणि तीन तासांनी घरी पाठवलं, तर भरती झालीच नाही. मग पावती कितीही व्यवस्थित असली तरी उपयोग नाही. भरतीचा क्लेम नाकारला गेला, तर ॲम्ब्युलन्सचाही आपोआप गेला.

२. गाडी बोलावताना

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. त्या गाडीने गेलात तर खर्चच नाही, त्यामुळे क्लेमही नाही. जीव वाचवायचा असतो तेव्हा जी गाडी आधी येईल तीच घ्यायची, त्या वेळी पावतीचा विचार करत बसू नये.

खासगी गाडी घेत असाल तर एक गोष्ट सहज करता येते: गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. सोबत आलेल्या एखाद्या पोराला सांगितलं तरी चालतं. पुढे पावतीवर नंबर चुकला किंवा राहिला, तर हा फोटोच कामाला येतो. बऱ्याच पॉलिसींत 'नोंदणीकृत ॲम्ब्युलन्स' असा शब्द असतो. आरटीओकडे ॲम्ब्युलन्स म्हणून नोंदलेली गाडी आणि वर दिवा लावून फिरणारी साधी व्हॅन यांत कंपनी फरक करते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की वाहनाचा वर्ग दिसतो, तिथे ॲम्ब्युलन्स लिहिलंय का ते नंतर निवांत बघता येतं.

रिक्षा, ओला-उबर, शेजाऱ्याची गाडी या खर्चाला ॲम्ब्युलन्सच्या कलमात जागा नाही. शववाहिकेलाही नाही.

३. पावती: इथेच बहुतेक क्लेम अडतात

ड्रायव्हर उतरवून निघायच्या घाईत असतो. 'पावती उद्या पाठवतो' म्हणतो आणि मग फोन उचलत नाही. म्हणून पैसे हातात देण्याआधी किंवा स्कॅन करण्याआधीच पावतीचं बोला. गाडी रुग्णालयाचीच असेल तर पावती बिलिंग काउंटरवर मिळते. बाहेरच्या सेवेची असेल तर ड्रायव्हरकडे पावती पुस्तक असतं किंवा मालकाकडून ते मागवावं लागतं.

पावती अशी हवी:

(सेवेचं छापील नाव, पत्ता, फोन)
पावती क्र. ___   पावतीची तारीख ___
रुग्णाचं नाव: (भरतीच्या कागदावर आहे तसंच)
प्रवासाची तारीख आणि वेळ: ___
कुठून: ___   कुठे: ___ (रुग्णालयाचं पूर्ण नाव)
वाहन क्र.: MH __ __ ____   प्रकार: साधी / ऑक्सिजन / कार्डिॲक
अंतर: ___ कि.मी.
रक्कम: अंकात आणि अक्षरात
पैसे मिळाले: रोख / यूपीआय, व्यवहार क्रमांक ___
सही आणि शिक्का

यातल्या काही ओळींवर थोडं जास्त बोलायला हवं.

रुग्णाचं नाव. पावतीवर अनेकदा पैसे देणाऱ्याचं नाव येतं, म्हणजे मुलाचं किंवा जावयाचं. कंपनीला रुग्णाचं नाव हवं असतं. पैसे कुणी दिले याची वेगळी ओळ असली तर हरकत नाही, पण 'रुग्ण' या शब्दापुढे रुग्णाचंच नाव हवं. तेही पॉलिसीत आहे तसं. आधार कार्डावर 'सुनंदा' आणि पावतीवर घरचं 'नंदा' असलं की टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, प्रश्न येतो.

तारीख आणि वेळ. रात्री पावणेबाराला घरून निघालात आणि साडेबाराला भरती झाली, तर पावतीवर एक तारीख येते आणि डिस्चार्ज समरीवर पुढची. वेळ लिहिलेली असली की हा फरक आपोआप समजतो. नसली की 'तारीख जुळत नाही' असा शेरा येतो.

रकमेचे तुकडे. हा भाग नीट समजून घ्या. बहुतेक पॉलिसींच्या शेवटी न मिळणाऱ्या वस्तूंची यादी जोडलेली असते. तिच्यात ॲम्ब्युलन्समधली उपकरणं, ॲम्ब्युलन्स कॉलर, रुग्णालयाबाहेर वापरलेला ऑक्सिजन सिलेंडर आणि अटेंडंटचे पैसे या गोष्टी असतात. समजा, एकूण २,६०० रुपये दिले आणि पावतीवर 'गाडी १,४००, ऑक्सिजन ७००, अटेंडंट ५००' असं लिहून आलं. तपासणारा माणूस यादी काढतो, ऑक्सिजन आणि अटेंडंट कापतो आणि १,४०० वर थांबतो. मर्यादा २,००० ची असूनही ६०० रुपये गेले. सेवेने तुम्हाला ऑक्सिजन ॲम्ब्युलन्सचा एकच दर सांगितला असेल, तर पावतीवरही तो एकच दर, 'रुग्ण वाहतूक, ऑक्सिजन ॲम्ब्युलन्स' असा लिहून घ्या. खरोखरच वेगवेगळे आकारले असतील तर मात्र तसेच लिहू द्या. खोटी पावती संपूर्ण क्लेम धोक्यात आणते, ॲम्ब्युलन्सपुरता नाही.

जीएसटी. ॲम्ब्युलन्सने रुग्ण नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही. त्यामुळे पावतीवर जीएसटी क्रमांक नसला म्हणून ती कच्ची ठरत नाही. टीपीएच्या कुणी तसं म्हटलंच, तर हे नम्रपणे सांगा.

रोख पैसे आणि महसुली तिकीट. ५,००० रुपयांच्या वर रोख दिले असतील, तर पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्या. यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडा, पण तो पावतीच्या जागी चालत नाही. त्यातून पैसे गेले एवढंच दिसतं, कशासाठी गेले ते नाही.

पावती हरवली किंवा घेतलीच नाही, तर सेवेच्या मालकाला गाठून दुसरी प्रत मागा. तिच्यावर प्रवासाची जुनी तारीख आणि पावती दिल्याची आजची तारीख, अशा दोन्ही असू द्या, आणि 'डुप्लिकेट' लिहिलेलं असू द्या. मागची तारीख टाकून नवी पावती बनवून घेऊ नका. पावती पुस्तकातला क्रम बघितला की ते लगेच कळतं.

४. डॉक्टरांची एक ओळ

घरून थेट रुग्णालयात गेलात तर डिस्चार्ज समरीत 'ॲम्ब्युलन्सने आणले' असा उल्लेख असला की पुरतो. समरी टाईप होण्याआधी, म्हणजे डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच, रेसिडेंट डॉक्टरांना तसं सांगून ठेवा. छापून झाल्यावर बदल करून घेणं फार जिकिरीचं जातं.

एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलं असेल तर पहिल्या डॉक्टरांची रेफरल चिठ्ठी लागतेच. तिच्यात का हलवतोय (उदाहरणार्थ, 'अँजिओप्लास्टीची सोय इथे नाही') आणि कशातून हलवतोय ('कार्डिॲक ॲम्ब्युलन्समधून नेण्याचा सल्ला') अशा दोन्ही गोष्टी हव्यात. नुसतं 'पुढील उपचारांसाठी पुणे' एवढंच असलं, तर नातेवाइकांनी स्वतःहून हलवलं असा अर्थ काढायला जागा राहते.

केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांसाठीच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत ही अट आणखी कडक आहे. तिथे शहराच्या हद्दीतल्याच ॲम्ब्युलन्सचे पैसे मिळतात. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, की दुसऱ्या कुठल्याही वाहनाने नेलं असतं तर रुग्णाच्या जिवाला धोका होता किंवा प्रकृती फारच बिघडली असती. घरात सीजीएचएसचं कार्ड असेल तर हे वाक्य डॉक्टरांकडून अगदी असंच लिहून घ्या.

५. कॅशलेस झालं तरी हा क्लेम वेगळा करावा लागतो

गाडी रुग्णालयाचीच असेल तर ॲम्ब्युलन्सची रक्कम अंतिम बिलात घालायला सांगा. मग कॅशलेसमध्येच ती मंजूर होते आणि पुढचा खटाटोप वाचतो. अंतिम बिल टीपीएकडे जाण्याआधीच हे सांगायला हवं.

गाडी बाहेरची असेल तर ती रुग्णालयाच्या बिलात येऊच शकत नाही. तेव्हा डिस्चार्जनंतर रीइम्बर्समेंटचा, म्हणजे खिशातून गेलेले पैसे परत मागण्याचा, वेगळा क्लेम टाकायचा. त्याच कॅशलेसचा क्लेम नंबर त्यावर घालायचा. आरोग्य संजीवनीत भरतीच्या खर्चाचे कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांच्या आत द्यायचे असतात. डिस्चार्जनंतरच्या औषधांसाठी मुदत वेगळी आणि लांबची आहे. म्हणून लोक 'सगळं एकदमच देऊ' म्हणत थांबतात आणि ॲम्ब्युलन्सची मुदत निघून जाते. ॲम्ब्युलन्सचे कागद आधी देऊन टाका.

सोबत हे जोडा:

- क्लेम फॉर्मचा भाग अ, सही केलेला
- ॲम्ब्युलन्सची मूळ पावती
- पैसे दिल्याचा पुरावा, यूपीआय असेल तर
- रेफरल चिठ्ठी किंवा भरतीचा सल्ला देणारा डॉक्टरांचा कागद
- डिस्चार्ज समरीची प्रत
- कॅशलेस मंजुरीचं अंतिम पत्र आणि अंतिम बिलाची प्रत
- रुग्णाचं ओळखपत्र, पॉलिसीधारकाचा रद्द केलेला चेक

देण्याआधी प्रत्येक कागद स्कॅन करा, मूळ पावतीची मागची बाजूसुद्धा. मूळ कागद एकदा गेले की परत येत नाहीत. कागद दिल्याची पोच घ्या, कुरिअरने पाठवले तर ट्रॅकिंगचा कागद जपा.

६. फॉर्म भरताना

भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब रुग्णालयाने. भाग अ मध्ये खर्चाचा तपशील विचारणारा जो विभाग असतो, त्यात भरतीपूर्व खर्च, भरतीचा खर्च, भरतीनंतरचा खर्च यांच्याबरोबर 'ॲम्ब्युलन्स चार्जेस' असा स्वतंत्र रकाना आहे. रक्कम तिथेच लिहा. अनेक जण ती भरतीपूर्व खर्चात मिसळतात, कारण गाडी भरतीच्या आधी आली. मग तपासणाऱ्याला भरतीपूर्व खर्चाच्या बिलात ॲम्ब्युलन्सची पावती दिसते आणि तो ती 'कन्व्हेयन्स', म्हणजे साधा प्रवासखर्च, म्हणून कापतो. कन्व्हेयन्ससुद्धा न मिळणाऱ्यांच्या यादीत आहे.

पुढच्या विभागात बिलांची यादी असते: क्रमांक, तारीख, कुणी दिलं, कशासाठी, रक्कम. इथे पावतीची खरी पूर्ण रक्कम लिहा, मर्यादेइतकी नाही. मर्यादा लावणं हे कंपनीचं काम आहे. तुम्ही ७,५०० च्या पावतीसमोर २,००० लिहिलेत, तर पावती आणि फॉर्म जुळत नाहीत म्हणून विचारणा होते.

७. एक उदाहरण, आकड्यांसकट

आत्या साताऱ्याची, वय सत्तरीच्या पुढे, पाच लाखांची आरोग्य संजीवनी. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. घराजवळच्या सेवेची साधी गाडी बोलावून साताऱ्यातल्या रुग्णालयात नेलं, तिचे १,२०० रुपये झाले. तिथे ईसीजी झाला आणि काही तासांत पुण्याला हलवायचं ठरलं. कार्डिॲक ॲम्ब्युलन्सने साधारण ११० किलोमीटर, ७,५०० रुपये. पुण्यात भरती, अँजिओप्लास्टी, तिथलं बिल कॅशलेस.

ॲम्ब्युलन्सचा एकूण खर्च ८,७०० रुपये. साताऱ्यात २४ तास पूर्ण झाले नाहीत, त्यामुळे तिथली स्वतंत्र भरती धरली गेली नाही. ईसीजी आणि औषधांचं बिल पुण्याच्या भरतीपूर्व खर्चात गेलं. दोन्ही गाड्या पुण्याच्या एकाच भरतीला जोडल्या, म्हणून मर्यादा एकदाच: २,००० रुपये. आरोग्य संजीवनीत प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे असतो, म्हणजे १०० रुपये आपले. खात्यात १,९०० आले.

साताऱ्यात २४ तासांपेक्षा जास्त भरती झाली असती, तर ते वेगळं हॉस्पिटलायझेशन ठरलं असतं. मग पहिली गाडी तिकडच्या क्लेममध्ये स्वतंत्र मर्यादेसह मागता आली असती.

७,५०० ची एकटी पावतीच मर्यादा भरून काढत होती, तरी १,२०० चीही जोडली. मोठ्या पावतीवर काही शंका निघाली असती तर निदान दुसरी हातात होती. शिवाय दुसऱ्या विम्यासाठी पूर्ण खर्च नोंदलेला असणं आवश्यक होतं.

८. उरलेले पैसे: दुसरी पॉलिसी असेल तर

आत्याच्या मुलाच्या नोकरीतल्या गट विम्यात आईवडिलांचंही नाव होतं. एका पॉलिसीत जी रक्कम मर्यादेमुळे मिळाली नाही, ती दुसऱ्या पॉलिसीत तिच्या अटींनुसार मागता येते. अडचण एकच, मूळ पावत्या पहिल्या कंपनीकडे गेलेल्या असतात. म्हणून पहिल्या कंपनीकडून दोन गोष्टी घ्यायच्या: किती मंजूर झाले आणि किती कापले हे दाखवणारं सेटलमेंट पत्र, आणि पावत्यांच्या साक्षांकित प्रती. दुसऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये 'इतर विम्यातून मिळालेली रक्कम' या ठिकाणी १,९०० लिहायचे आणि उरलेले ६,८०० मागायचे. दुसऱ्या कंपनीलाही तिची मर्यादा असेलच, त्या मर्यादेपर्यंत मिळतील.

पहिल्या कंपनीचं पत्र यायच्या आत दुसऱ्या कंपनीची मुदत संपत असेल, तर मुदतीतच ईमेल करून कळवा की क्लेम येतोय, पहिल्या कंपनीच्या पत्राची वाट बघतोय. त्या ईमेलची प्रत पुढे फाईलला लावा.

९. पैसे कापले किंवा नाकारले तर

सेटलमेंट पत्रात कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे कारण असतं. 'पॉलिसीच्या अटीनुसार' एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर ते मान्य करू नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार नकार देताना कंपनीला पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं. ईमेलमध्ये एवढंच विचारा: 'कोणत्या कलमाखाली ही रक्कम कापली, कृपया कळवावे.' माझ्या अनुभवात निम्मं काम या एका ओळीने होतं, कारण मग पावती पुन्हा कुणीतरी नीट बघतं.

कारण कागदाचं असेल, जसं की वाहन क्रमांक नाही किंवा वेळ नाही, तर सेवेकडून लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र आणा आणि नंबरप्लेटचा फोटो जोडून पाठवा. कारण कलमाचं असेल तर ते कलम स्वतः वाचा. मर्यादा संपली असेल किंवा घरी सोडण्याची फेरी असेल, तर भांडून उपयोग नाही, तिथे थांबा.

कंपनी बरोबर नाही असं कलम वाचूनही वाटत असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्यानंतर नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो. फक्त ॲम्ब्युलन्सच्या दोन हजारांसाठी तिथपर्यंत जाणं मी कुणाला सुचवणार नाही. पण त्याच क्लेममध्ये इतर मोठी कपातही झाली असेल, तर अर्जात ॲम्ब्युलन्सची रक्कम वेगळी ओळ म्हणून जरूर घाला, आणि पावतीची स्कॅन प्रत त्या ओळीच्या क्रमांकाने जोडा.